उणे 1366

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिण्याच्या धंद्यात मला वीसेक वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी पडद्याची चित्रं काढण्यात गेली असतील. टेबलावर दुसरा मॉनिटर आला त्या दिवशी मी खूश होते. एकीकडे प्रोग्रॅम, दुसरीकडे वर्ड, सारखी ये-जा करायला नको. प्रिंट-स्क्रीनची कळ दाबली की कुठल्या पडद्याचं चित्र निघेल, हा प्रश्न मात्र तेव्हा डोक्यातही आला नाही.

एका संगणकाला अनेक मॉनिटर जोडायची सोय घरगुती विंडोजमध्ये 1998 साली, विंडोज 98 बरोबर आली. तेव्हापासून आजतागायत विंडोज हे सगळे पडदे एकाच मोठ्या चौकोनात मांडते. प्रिंट-स्क्रीन त्या अख्ख्या चौकोनाचा फोटो घ्यायची. माझा मुख्य मॉनिटर 1280×1024 चा होता आणि शेजारचा जुना 1024×768 चा, दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत. चित्र निघायचं 2304×1024 चं, आणि उजव्या कोपऱ्यात खाली 1024×256 ची काळी पट्टी. बिघाड नव्हता तो. चौकोन पुरा करायचा तर जिथे मॉनिटरच नाही तिथेही काहीतरी भरावं लागतं.

एवढं लांबुळकं चित्र वर्डच्या पानावर आलं की मुंग्यांची रांग दिसायची. मग मी वर्डमध्येच त्याची उजवी बाजू कापायचे आणि पुढे जायचे. एकदा ग्राहकाकडून फोन आला. बाईंचा आवाज अगदी शांत. ‘‘मॅडम, पान सत्तावीसवरचं चित्र मी जरा रीसेट करून बघितलं. त्यात उजवीकडे तुमची मेल दिसतेय. आमच्याबद्दल आहे बहुतेक.’’

होतीच. त्यांच्याच वारंवार बदलणाऱ्या मागण्यांबद्दल सहकाऱ्याला लिहिलेली, अर्धवट. वर्डमध्ये कापलेला भाग जात नाही, फक्त झाकला जातो. चित्र निवडून ‘रीसेट’ केलं की सगळं परत. तो खरोखर काढायचा तर चित्रं काँप्रेस करण्याच्या खिडकीत कापलेले भाग पुसण्याचा पर्याय निवडावा लागतो. तो तेव्हाही होता, मला माहीत नव्हता. माफी मागितली, फाइल बदलून दिली. पुढे कितीतरी दिवस मी चित्र काढण्याआधी दुसरा मॉनिटर चक्क बंद करायचे. त्याचाही उपयोग नसायचा. नुसतं बटण दाबून काळा केलेला मॉनिटर विंडोजच्या लेखी बहुधा चालूच असतो, आणि चित्रात त्याच्यावरचं सगळं येतं.

Alt+PrtScn तेव्हाही होतं. ते फक्त समोरच्या खिडकीचं चित्र घेतं. खिडकी पूर्ण मोठी केली की जवळजवळ एका पडद्याचं चित्र मिळतं, खालचा टास्कबार सोडून. माझी बरीच पुस्तकं याच युक्तीवर उभी आहेत. 2007 मध्ये व्हिस्टाबरोबर स्निपिंग टूल हाती आलं आणि माउसने चौकोन ओढता यायला लागला. पण पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढताना बाहेरच्या कडेला माउस अडतो, तर दोन मॉनिटरच्या मधल्या कडेला अडत नाही, पलीकडे घसरतो. रुंदी 1920 हवी तिथे 1923 दिसली की समजावं, शेजाऱ्याचे तीन पिक्सेल आत आलेत. विंडोज 8 मध्ये, 2012 साली, Win+PrtScn आलं आणि चित्र थेट फाइलमध्ये जमा व्हायला लागलं, पण तेही सगळ्या पडद्यांचं एकत्र.

मॅकवर काम करणाऱ्या मित्रांना माझी ही रड कळायचीच नाही. तिथे Cmd+Shift+3 दाबलं की प्रत्येक पडद्याची वेगळी फाइल होते. नको ती टाकून द्यायची. टर्मिनलवर तर पडद्याचा क्रमांकच सांगता येतो. खालच्या ओळीत 2 म्हणजे दुय्यम पडदा, मुख्य पडद्याला 1:

```
screencapture -D 2 chitra.png
```

मला विंडोजवर हीच सोय हवी होती. एकाच पुस्तकाची शंभरेक चित्रं दर आवृत्तीला नव्याने काढायची असतात, तेव्हा माउसने चौकोन ओढणं जिवावर येतं. म्हणून पायथॉनची पिलो लायब्ररी घेतली. मुख्य मॉनिटर 1920×1080, त्याच्या डावीकडे 1366×768 चा लॅपटॉप, आणि ज्याचं पुस्तक लिहायचं तो प्रोग्रॅम लॅपटॉपवर. पहिल्या प्रयत्नात साध्या `ImageGrab.grab()` ने मुख्य पडदाच आला. त्याला डावीकडचा चौकोन मोजून दिला, तर चित्र निघालं पूर्ण काळं.

इथे मला पहिल्यांदा त्या मोठ्या चौकोनाची आतली मोजणी कळली. विंडोजमध्ये शून्य-शून्य हा बिंदू चौकोनाच्या कोपऱ्यात नसतो, मुख्य मॉनिटरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. त्याच्या डावीकडचं सगळं उणे. म्हणजे माझा लॅपटॉप उणे 1366 पासून शून्यापर्यंत. उभ्या दिशेत तो खालच्या कडेला जुळवलेला होता, म्हणून 1080 वजा 768, म्हणजे 312 पासून त्याची सुरुवात. पिलोला सगळे पडदे बघायला सांगितलं नाही, तर ती मुख्य पडद्याचंच चित्र घेते आणि मागितलेला चौकोन त्याच्या बाहेर पडला की तिथे काळं भरते. `all_screens` ही सोय 2019 मध्ये आली:

```python
from PIL import ImageGrab
ImageGrab.grab(bbox=(-1366, 312, 0, 1080),
               all_screens=True).save("laptop.png")
```

यातले 312 विसरून 0 ते 768 दिलं, तर वरचा 312 पिक्सेलचा पट्टा काळा येतो आणि लॅपटॉपचा खालचा तेवढाच भाग गळतो. एकदा हे बघितलं की काळ्या पट्ट्याची उंची मोजूनच चूक कुठे आहे ते कळतं. काही जुन्या प्रोग्रॅमांची तऱ्हा वेगळी. 150 टक्के मोठं करून ठेवलेला 1920×1080 चा पडदा त्यांना 1280×720 चा वाटतो, आणि चित्रात रुंदी-उंचीने दोन-तृतीयांश असा वरचा डावा भागच येतो. प्रत्येक मॉनिटरला वेगळं प्रमाण देता यायला लागलं 2013 मध्ये, विंडोज 8.1 पासून. हा घोटाळा मला त्यानंतरच भेटला.

लिनक्सवाल्यांनी सोय केली ती नीट. 2022 मध्ये ग्नोम 42 ने चित्र काढण्याची नवी खिडकी आणली. ‘स्क्रीन’ निवडलं की हवा तो पडदा टिचकी मारून ठरवायचा. स्वेसारख्या मांडणीत तर केबलच्या तोंडाचं नावच द्यायचं: `grim -o HDMI-A-1`.

विंडोजचं Win+Shift+S 2017 पासून आहे. त्यातला ‘पूर्ण पडदा’ अजूनही सगळे पडदे एकत्र घेतो, म्हणजे मागून कापणं आलंच. आणि मार्च 2023 मध्ये बातमी आली की विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्ये चित्र कापून त्याच फाइलवर साठवलं, तर जुन्या फाइलचं शेपूट आत राहत होतं आणि कापलेला भाग काही अंशी परत मिळवता येत होता. दुरुस्ती लगेच आली. मला मात्र पान सत्तावीस आठवलं.

मागच्या महिन्यात खिडकीतून ऊन येतं म्हणून लॅपटॉप उजवीकडे हलवला. डिस्प्लेच्या सेटिंगमध्येही त्याचं चित्र ओढून उजव्या बाजूला नेलं. रात्री स्क्रिप्ट लावून झोपले. सकाळी बघते तर शंभरच्या शंभर चित्रं काळी. उणे 1366 वर आता कुणीच राहत नव्हतं. चौकोन बदलून 1920, 312, 3286, 1080 केला आणि चहा टाकायला गेले.