एक त की दोन?

शुद्धलेखनाची प्रश्नमंजूषा घेताना मी उत्तरे मुद्दाम दुसऱ्या दिवशी देते. लगेच सांगितलेले उत्तर वहीत उतरते आणि तिथेच राहते. एक रात्र मध्ये गेली की मुले कोश उघडतात, घरी वाद घालतात. परवा फळ्यावर पाच शब्द लिहिले आणि चुकीचे कोणते ते विचारले : महत्व, नेतृत्त्व, व्यक्तिमत्व, उज्वल, प्रज्वलित.

बहुतेकांनी उत्तर कानाने शोधले. इथे कान फसवतो. जोडाक्षराआधी बोलताना आपण व्यंजनावर आघात देतोच, त्यामुळे 'नेतृत्व' म्हणतानाही त दोनदा ऐकू आल्यासारखा वाटतो. म्हणून शब्द ऐकण्यापेक्षा उसवून पाहावा.

'त्व' हा प्रत्यय आहे. तो बाजूला काढा आणि काय उरते ते पाहा. महत्त्वमधून तो काढला की 'महत्' उरते. या मूळ शब्दाच्या शेवटी त् आहेच, त्याला त्व जोडला की दोन त येणार. तसेच तत् आणि त्व मिळून तत्त्व. नेतृत्वात मात्र 'नेतृ' उरते. तिथे शेवटी त् नाही, मग दुसरा त आणायचा कुठून? अस्तित्व, मातृत्व, प्रभुत्व यांतही एकच त. महत्त्व शिकलेली मुले पुढे नेतृत्त्व लिहू लागतात ती नियम न कळल्यामुळे, आणि ही चूक सुधारायला अधिक जड जाते.

व्यक्तिमत्त्वाने सर्वांत जास्त गोंधळ घातला. 'व्यक्तित्व' हाही शब्द आहे, तो व्यक्ति आणि त्व यांचा, म्हणून एक त. 'व्यक्तिमत्त्व' मात्र व्यक्तिमत् आणि त्व यांचे, म्हणून दोन. 'क्ति' दोन्हीकडे ऱ्हस्वच. सुटा शब्द मात्र आपण 'व्यक्ती' असा दीर्घ लिहितो.

शंका आली तर त्वच्या जागी 'ता' लावून बघा. महत्ता म्हणताना दोन त आपोआप येतात, लघुता म्हणताना एकच. म्हणून महत्त्व, पण लघुत्व. प्रत्येक शब्दाला ता लागत नाही, अस्तित्वाला नाहीच. तिथे उसवण्याला पर्याय नाही.

उज्ज्वलचे कारण वेगळे आहे. तिथे प्रत्यय नाही, संधी आहे. उत् आणि ज्वल एकत्र आले की त् चा ज् होतो आणि दोन ज उभे राहतात. तत् आणि ज्ञ यांचेही असेच तज्ज्ञ होते. प्रज्वलित मात्र प्र आणि ज्वलित यांचे, प्र मध्ये बदलायला त् नाहीच, म्हणून एकच ज. फळ्यावरचा प्रज्वलित बरोबर होता, बाकी चारही शब्द चुकीचे. प्रज्वलितवर खूण करणारे वर्गात सर्वांत जास्त निघाले.

आता पुढची जोडी : सत्व की सत्त्व, स्वत्व की स्वत्त्व? उत्तर उद्या.