चार तास की पाऊण तास: कोंबडीचा स्टॉक आणि कुकर

कोंबडीची हाडे, त्यांना चिकटलेले मांस, मऊ हाडे आणि कातडी पाण्यात बराच वेळ शिजवून गाळलेले पाणी म्हणजे स्टॉक. अलीकडे यालाच ‘बोन ब्रॉथ’ म्हणतात. 2014 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मार्को कानोरा या शेफने ‘ब्रोडो’ नावाची खिडकी उघडून असा रस्सा कॉफीसारखा पेल्यातून विकायला सुरुवात केली आणि त्या नावाची चलती झाली. स्वयंपाकघरात मात्र दोन्हींत फारसा फरक नाही. ब्रॉथ म्हणवणारा रस्सा सहसा अधिक वेळ शिजवलेला असतो, इतकेच. म्हणूनच प्रश्न पडतो तो वेळेचा: चुलीवर चार तास मंद शिजवून जे मिळते, ते कुकरमध्ये पाऊण तासात मिळते का?

याचे उत्तर हाडांपेक्षा त्यांच्या अवतीभवतीच्या भागांत सापडते. सांध्यांवरची मऊ हाडे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या आणि कातडी यांत कोलॅजन नावाचे प्रथिन भरपूर असते. त्याचे तीन पदर दोरीसारखे एकमेकांत पिळलेले असतात. गरम पाण्यात हा पीळ सुटतो, पदर मोकळे होऊन पाण्यात उतरतात आणि त्यांचे जिलेटीन बनते. गार झालेला स्टॉक थिजतो आणि गरम असताना ओठांना किंचित चिकटतो, तो या जिलेटीनमुळेच. नुसत्या मांसाचे सूप चवीला चांगले लागले तरी त्यात हा दाटपणा येत नाही, आणि मांस काढून घेतलेल्या कोरड्या नळ्या उकळूनही तो सहजासहजी येत नाही. कोंबडीच्या दुकानात जवळजवळ फुकटात मिळणारे पंजे, माना, पाठी आणि पंखांची टोके हाच स्टॉकचा खरा माल आहे.

पीळ सुटण्याची क्रिया उकळीच्या बऱ्याच खाली, 60 ते 70 अंश सेल्सियसच्या आसपास सुरू होते, पण तिथे ती फार संथ असते. तापमान वाढेल तसा तिचा वेग झपाट्याने वाढतो. मंद आचेवरच्या पातेल्यात पाणी 90 ते 95 अंशांवर असते. ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातले पाणी 100 अंशांपुढे जात नाही, फक्त जास्त वाफ होऊन उडते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पूर्ण दाबाला पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने 95 वरून 120 अंशांवर गेल्यास वेग पाच-सहा पट होतो. चार तास म्हणजे 240 मिनिटे. भागिले साडेपाच केले की पाऊण तासाच्या जवळपासचा आकडा येतो. स्वयंपाकघरातला अनुभवही याला धरूनच आहे.

गंमत म्हणजे कुकरचा जन्मच मुळी हाडांसाठी झाला. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडणारे एक भांडे मांडले आणि 1681 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. हाडे मऊ करण्याचे यंत्र, असेच त्याचे वर्णन त्याने पुस्तकाच्या नावात केले होते. भांडे फुटू नये म्हणून ठरावीक दाबाला उचलली जाणारी वजनाची झडपही त्यानेच बसवली. आजची शिटी ही तिचीच नात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एक किलो माल: अर्धा किलो पाठी आणि माना, पाव किलो पंख, पाव किलो पंजे. पंजांची पिवळी साल आणि नखे काढलेली हवीत. हा सगळा माल आधी गार पाण्यात घालून उकळी आणतात, तीन-चार मिनिटे उकळू देतात, ते पाणी फेकून हाडे नळाखाली धुतात. रक्त आणि विरघळणारी प्रथिने यांचा राखाडी फेस यात निघून जातो. पातेल्यात ही पायरी टाळता येते, कारण वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहता येते. बंद कुकरमध्ये ती सोय नसते, म्हणून तिथे ती टाळू नये.

चुलीवर करताना धुतलेली हाडे जाड बुडाच्या उंच पातेल्यात घालून दोन लिटर गार पाणी ओततात. पाण्याने हाडे झाकली जाऊन वर दोन बोटे राहावीत. पाणी तापले की आच इतकी कमी करायची की तळातून अधूनमधून एखादाच बुडबुडा वर यावा. झाकण अर्धवट ठेवावे. रटरटा उकळले तर वर आलेली चरबी बारीक कणांत फुटून पाण्यात मिसळते आणि स्टॉक गढूळ, तेलकट होतो. कांदा, गाजर, चार मिरी आणि तमालपत्र शेवटच्या तासात घालावे. भाज्यांची चव तेवढ्यात उतरते आणि त्याहून अधिक शिजल्या तर त्या विरघळून पाणी फिके व किंचित कडसर करतात. तीन ते चार तासांनी गाळले की साधारण सव्वा ते दीड लिटर स्टॉक हाती येतो. उरलेले पाणी वाफ होऊन गेलेले असते.

कुकरमध्ये तोच माल, पण पाणी पावणेदोन लिटर पुरते, कारण आटण्याचे प्रमाण फार थोडे असते. भांडे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, म्हणजे एवढ्यासाठी पाच लिटरचा कुकर लागतो. वाफेची नळी आधी उजेडात धरून आरपार पाहून घ्यावी; पंजांच्या सालीचा तुकडा तिच्यात अडकला तर दाब सुटायला वाट राहत नाही. भाज्या सुरुवातीलाच, पण मोठ्या तुकड्यांत घालतात. इथून पुढची चूक घरोघरी होते, ती शिट्ट्या मोजण्याची. आच मोठी असेल तर दहा शिट्ट्या सात-आठ मिनिटांत होतात आणि मंद असेल तर अर्ध्या तासात एकही होत नाही. शिटी दाब जास्त झाल्याचे सांगते, किती वेळ शिजले ते सांगत नाही. पहिली शिटी झाली की आच मंद करावी, पुढे शिटी उचलली जाणार नाही पण हलकी सुसू चालू राहील इतकी, आणि मग घड्याळ लावावे: पंचेचाळीस मिनिटे ते तासभर.

कुकरचा स्टॉक गढूळ होतो, अशी तक्रार ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. दाब स्थिर असताना आतले पाणी 120 अंशांवर असूनही उकळत नसते. ते जवळजवळ निश्चल असते, म्हणून चरबी फुटत नाही. शिटी झाली की दाब एकदम उतरतो, तेवढ्या क्षणी सगळे पाणी खळखळून उकळते आणि चरबी घुसळली जाते. दहा शिट्ट्या म्हणजे दहा वेळा ताक घुसळल्यासारखे. शिजल्यावर शिटी उचलून वाफ काढण्याने किंवा कुकर नळाखाली धरण्याने तेच होते. गॅस बंद करून वीस-पंचवीस मिनिटे कुकर आपोआप निवू दिला, तर गाळल्यावर मिळणारा स्टॉक पातेल्यातल्याइतकाच नितळ असू शकतो. अर्थात गढूळपणा हा दोषच असतो असे नाही. जपानमधला ‘तोरी पाइतान’ हा कोंबडीचा पांढरा रस्सा मुद्दाम जोरात उकळून दुधाळ केलेला असतो, आणि पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध पडणार असेल तर खालचे पाणी नितळ आहे की नाही हे कोण बघतो?

चवीत मात्र फरक जाणवतो. चुलीवर स्टॉक शिजत असताना घरभर दरवळ सुटतो, तो खरे तर पातेल्यातून निघून गेलेला वास असतो. कुकर तो बराचसा आत ठेवतो, आणि वरच्या तापमानामुळे मांसाची खमंग चवही थोडी अधिक उतरते. त्याउलट पातेल्यात चाखत जाता येते, पाणी आटवून दाट करता येते, भाजी ठरल्या वेळी घालता येते. कुकरमध्ये झाकण लावल्यावर सगळे आपल्या हाताबाहेर असते. नाजूक, स्वच्छ चवीच्या सूपसाठी पातेले आणि बिर्याणी, रस्सा, पुलाव यांच्यासाठी कुकर, अशी वाटणी रोजच्या व्यवहारात सोयीची ठरते.

जास्त वेळ शिजवला की जास्त चांगला, ही समजूत दोन्हीकडे चुकते. मोकळे झालेले जिलेटीनचे पदर पुढेही तुटतच राहतात आणि आखूड पदरांना पाणी धरून ठेवता येत नाही. 120 अंशांवर हेही वेगाने घडते. कुकरमध्ये दोन-अडीच तास ठेवलेला स्टॉक तासाभराच्या स्टॉकपेक्षा सैल थिजलेला दिसला, तर कारण हेच. शिवाय चव बोथट होते आणि उकडलेल्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिचे कोलॅजन कोवळे असते आणि लवकर सुटते. वर्ष-दोन वर्षांच्या गावरान कोंबडीचे कोलॅजन घट्ट बांधलेले असते. तिला चुलीवर सहा तास किंवा कुकरमध्ये सव्वा ते दीड तास द्यावा लागतो.

चमचाभर व्हिनेगर घातल्याने हाडांतले कॅल्शियम उतरते, असेही सांगितले जाते. तेवढ्या आम्लाने काही अंश उतरतो, पण पेलाभर रश्शातले कॅल्शियम पेलाभर दुधाच्या जवळपासही जात नाही. आंबूस चव हवी असेल तर व्हिनेगर घालावे, हाडांसाठी नको.

स्टॉक साधला की नाही, ते फ्रिजमधून काढल्यावर कळते. वर चरबीचा पिवळा थर आणि खाली थुलथुलीत जेली असेल तर साधला. पाणीच राहिले तर बहुधा पाणी जास्त झाले किंवा पंजे कमी पडले. उघड्या पातेल्यात निम्मा आटवल्यावर तो थिजू शकतो. म्हणूनच मीठ आधी घालायचे नाही, आटल्यावर ते दुप्पट खारट होते.

गाळलेला स्टॉक ओट्यावर रात्रभर ठेवणे धोक्याचे आहे. काही जिवाणूंचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत आणि कोमट, प्रथिनयुक्त पाण्यात भराभर वाढतात. कुकरचे तापमान त्यातल्या बहुतेकांना पुरून उरते, पण झाकण उघडून गाळणी लावली की तो फायदा संपतो. स्टॉक पसरट भांड्यांत ओतून ती गार पाण्याच्या परातीत ठेवावीत आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये सरकवावीत. तिथे तो तीन-चार दिवस टिकतो, बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन महिने. वापरण्याआधी मात्र पुन्हा खळखळून उकळी आणावी.