मनगटावरून दिसणारी झोप

गेल्या आठवड्यात आपण घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा नाडी कशी मोजतो ते पाहिलं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजता येतात. या आठवड्याचा प्रश्न त्यापुढचा आहे. तेच घड्याळ सकाळी ‘गाढ झोप 1 तास 10 मिनिटं, रेम 1 तास 35 मिनिटं’ असं कशाच्या जोरावर सांगतं? आणि त्याच रात्री स्लीप लॅबमध्ये तपासणी केली असती तर आकडे वेगळे का आले असते? पुष्कळांना वाटतं की घड्याळ अजून पुरेसं अचूक झालेलं नाही, चांगला सेन्सर आला की फरक मिटेल. माझ्या मते हा फरक सेन्सरच्या दर्जाचा नाही. दोन्हीकडे मोजली जाणारी गोष्टच वेगळी आहे.

झोपेच्या टप्प्यांची व्याख्या मेंदूच्या लहरींवर उभी आहे. लॅबमध्ये डोक्याला ईईजीचे इलेक्ट्रोड लावतात, डोळ्यांच्या कडांशी आणि हनुवटीखालीही लावतात. रात्रभराची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत विभागली जाते आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ प्रत्येक तुकड्याला एक टप्पा देतो. तीस सेकंदांपैकी किमान सहा सेकंद मोठ्या, संथ लहरी दिसल्या, म्हणजे सेकंदाला अर्धी ते दोन आवर्तनं आणि उंची 75 मायक्रोव्होल्टहून जास्त, तर ती गाढ झोप. डोळे झपझप हलतायत, हनुवटीचा स्नायू सैल पडलाय आणि मेंदूच्या लहरी लहान, मिश्र आहेत, तर ती रेम, म्हणजे बहुतेक ठसठशीत स्वप्नांची झोप. शरीर किती हललं किंवा हृदय किती शांत होतं, याला या व्याख्येत टप्पा ठरवण्याचा अधिकार नाही.

मनगटापाशी मात्र हेच दोन धागे हाती लागतात. एक सेन्सर हालचाल मोजतो, दुसरा नाडी. नाडीतून आणखी दोन गोष्टी काढता येतात: दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, आणि श्वासाबरोबर ते अंतर कसं लयीत कमी-जास्त होतं, म्हणजे श्वासाचा वेगही. गाढ झोपेत नाडी आणि श्वास सहसा संथ, एकसारखे असतात. रेममध्ये अंग निपचित पडलेलं असतं, पण नाडी व श्वास अनियमित होतात. कंपन्या काय करतात, तर अनेक लोकांना लॅबची तपासणी आणि घड्याळ एकाच रात्री लावून, तंत्रज्ञाने दिलेली उत्तरं संगणकाला शिकवतात. त्यानंतर संगणक नाडी व हालचाल पाहून लॅबचं उत्तर काय आलं असतं याचा अंदाज बांधतो. बंद स्वयंपाकघराबाहेर उभं राहून शिट्ट्यांवरून कुकरमध्ये काय शिजतंय ते ओळखावं, तसं हे काम आहे. बऱ्याचदा बरोबर येतं, पण झाकण उघडून पाहिलेलं नसतं.

अंदाज किती जमतो? फिटबिटच्या संशोधकांनी 2017 साली 60 निरोगी प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीस सेकंदांच्या तुकड्यांपैकी 69 टक्के तुकड्यांत घड्याळाचं उत्तर लॅबशी जुळलं. आकडा बरा वाटतो, पण रात्रीचा जवळपास निम्मा भाग हलक्या झोपेचाच असतो. म्हणजे डोळे मिटून ‘सगळी रात्र हलकी’ म्हटलं तरी निम्म्याच्या आसपास बरोबर येतं. शिवाय हे निरोगी लोक होते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: लॅबमध्येही दोन तंत्रज्ञांचं एकमत कुठे होतं? खरंच, ते साधारण 82 टक्क्यांवर येतं. एका अर्थी तेच घड्याळाच्या परीक्षेतलं छत आहे. पण तंत्रज्ञांचा वाद त्याच लहरी पाहून, सीमेवरच्या तुकड्यांबद्दल असतो. घड्याळाची चूक त्या लहरी न पाहता होते, आणि ती माणसाप्रमाणे बदलते. हेच नीट पाहण्यासारखं आहे. समजा, घड्याळ खऱ्या झोपेला 95 टक्के वेळा झोप म्हणतं, पण निश्चल पडून जागं असण्याला निम्म्या वेळा जागं म्हणतं आणि उरलेल्या निम्म्या वेळा झोप. एखादा माणूस अंथरुणात 8 तास आहे, त्यातली 400 मिनिटं झोपला, 80 मिनिटं जागा. घड्याळ 380 अधिक 40, म्हणजे 420 मिनिटं झोप दाखवेल. चूक 20 मिनिटांची. आता निद्रानाशाचा रुग्ण घ्या: 300 मिनिटं झोप, 180 मिनिटं छताकडे बघत. घड्याळ 285 अधिक 90, म्हणजे 375 दाखवेल. चूक 75 मिनिटांची. ज्याला झोप येत नाही, त्याचीच घड्याळ सर्वात जास्त समजूत काढतं.

दुसरा आक्षेप असा की, ‘आकडा चुकेना का, कालच्यापेक्षा आज कमी की जास्त एवढं तर कळतं.’ झोपायच्या आणि उठायच्या वेळांबाबत हे पटतं. उलट लॅबमध्ये वायरी लावून परक्या खोलीत काढलेली पहिली रात्र नेहमीसारखी नसतेच, आणि घड्याळ मात्र घरच्या कैक रात्री नोंदवतं. टप्प्यांबाबत मात्र आक्षेप टिकत नाही, कारण मधली शिडी, म्हणजे नाडी, झोपेशिवाय इतर कारणांनीही हलते. ताप, रात्रीचं मद्य, रक्तदाबासाठी घेतलेलं बीटा-ब्लॉकर, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, यांतलं काहीही आलं की मेंदूत टप्पे तसेच असतानाही अंदाज बदलू शकतो. कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट केलं तरीही बदलू शकतो.

पनवेलच्या आसपास याचा एक ठळक वर्ग आहे: तळोजा एमआयडीसीतली रात्रपाळी. रात्री झोपणाऱ्याची गाढ झोप पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात दाटते आणि रेम पहाटेकडे वाढतं. रेमची ही ओढ केवळ झोपून किती तास झाले यावर नाही, तर शरीराच्या अंतर्गत घड्याळावरही अवलंबून असते, आणि ते सकाळच्या वेळेला जास्त झुकतं. म्हणून सकाळी नऊला आडव्या झालेल्या कामगाराला रेम लवकर येऊ शकतं. ज्या प्रणाली ‘रात्र किती सरली’ हेही अंदाजात धरतात, त्या रात्री झोपणाऱ्यांच्या नमुन्यावर शिकल्या असतील तर अशा दिवसा झोपणाऱ्याला सवयीचा आराखडा चिकटवण्याची शक्यता असते. आलेख छान, पायऱ्यांसारखा दिसेल. त्यातलं किती त्या माणसाचं आणि किती सरासरी माणसाचं, हे पडद्यावर दिसत नाही.

मग घड्याळाचा उपयोग कुठे? डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांच्या झोपायच्या-उठायच्या वेळा दाखवायला ते चांगलं आहे. रात्रपाळी आणि सुट्टीचे दिवस वेगळे दिसले तर आणखी चांगलं. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडणं आणि दिवसा लोकलमध्ये बसल्याबसल्या डोळा लागणं, असं असेल तर मात्र ‘गाढ झोप’ कितीही भरघोस दिसो, श्वासाची तपासणी करून घ्यावी. तिथेही विचारून घ्यायला हवं: घरी दिलं जाणारं छोटं यंत्र बहुतेकदा श्वास, नाडी आणि ऑक्सिजन नोंदवतं, ईईजी नाही. त्यामुळे श्वास थांबण्याचे प्रसंग ते झोपेच्या तासांवर नव्हे, तर नोंदीच्या तासांवर भागतं. माणूस बराच वेळ जागा राहिला असेल, तर दर तासाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि सौम्य ठरलेला आजार मुळात तितका सौम्य नसूही शकतो.