वनहक्काचे अपील: पत्रातला मजकूर आणि सोबतचे कागद

वनहक्काचा वैयक्तिक दावा उपविभागीय समितीने नामंजूर केला, तर जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येते. त्यासाठी निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. गावकरी निर्णयाचे पत्र घेऊन कार्यकर्त्याकडे येतात तोवर त्यातले बरेच दिवस सरलेले असतात. मग अपील घाईने लिहिले जाते, आणि तेही बहुधा आधीच्या एखाद्या दावेदाराच्या अपिलावरून. नाव आणि गाव बदलले जाते, पण दावा क्रमांक किंवा आदेशाची तारीख कधी कधी जुन्याचीच राहून जाते.

म्हणून अपील लिहून झाले की दोघांनी बसावे. एकाने जोडलेला कागद हातात घेऊन त्यावरचे नाव, तारीख, रक्कम, क्रमांक मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पत्रात त्याच जागी बोट ठेवावे. वाचायचे ते कागदावरून, पत्रावरून नव्हे. पत्र ज्याने लिहिले त्याला ते पाठ झालेले असते, त्याचे डोळे चूक ओलांडून पुढे जातात. क्रमांक एकेक आकडा सुटा करून वाचावा.

सर्वांत जास्त घोळ जमिनीच्या क्षेत्रात होतो. गावात माणूस एकर-गुंठ्यांत बोलतो, मोजणीचा नकाशा हेक्टर-आरमध्ये असतो. समजा दावेदार म्हणाला, “दोन एकर वीस गुंठे.” कोणीतरी वहीत २.२० असे टिपले आणि टाइप करताना पुढे हेक्टर लागले. आता हिशेब पाहा. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ही जमीन १०० गुंठे झाली. एक गुंठा म्हणजे साधारण एक आर, थोडा जास्तच. तेव्हा खरे क्षेत्र सुमारे १.०१ हेक्टर. नकाशा १.०१ दाखवतो आणि पत्र २.२० मागते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटते, हा माणूस कसतो त्याच्या दुपटीहून जास्त मागतो आहे. क्षेत्रापुढे एकक शब्दात लिहिले आणि आकडा नकाशावरूनच घेतला, तर हा संशय निर्माणच होत नाही.

दुसरी जागा म्हणजे दंडाची जुनी पावती. आदिवासी दावेदाराची जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्याच्या ताब्यात असावी लागते, आणि वनविभागाने त्याआधी केलेल्या दंडाची पावती हा त्याचा चांगला पुरावा असतो. या पावत्या हाताने लिहिलेल्या, अक्षर पुसट झालेले. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी पाच इंग्रजी चारासारखा. पावतीवर २००१ असेल आणि पत्रात २००९ टाइप झाले, तर हाती असलेला पुरावा पत्राच्या मजकुरातच मुदतीनंतरचा ठरतो. पन्नास रुपयांचा दंड पत्रात चाळीसचा होतो तोही असाच. पावती उजेडात धरून वाचावी आणि रक्कम अक्षरी लिहिली असेल तर तिच्याशी ताडून पाहावी.

नावांचे वेगळे आहे. तिथे बरेचदा पत्र बरोबर असते, पण कागदच आपसांत जुळत नाहीत. रेशनकार्डावर जन्या, आधारकार्डावर जानू, जातीच्या दाखल्यावर जानू आणि पुढे वेगळेच आडनाव. अशा वेळी पत्रात एकच नाव लिहून गप्प बसू नये आणि कागदावर खाडाखोड तर मुळीच करू नये. ज्या कागदावर जे आहे ते तसेच नमूद करावे, ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे एक वाक्य लिहावे आणि त्याला ग्रामसभेचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे. पत्नीचे नावही याच काळजीने पाहावे, कारण हक्काचा दाखला पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो. तिथे माहेरचे नाव राहिले की पुढे दुरुस्तीसाठी खेटे पडतात.

तारखा तीन असतात: ग्रामसभेच्या ठरावाची, उपविभागीय समितीच्या निर्णयाची आणि निर्णय हाती पडल्याची. पत्रात तिन्ही वेगवेगळ्या लिहाव्यात, कारण मुदतीत आहोत की नाही हे त्यांवरूनच पाहिले जाते. निर्णय उशिरा मिळाला असेल तर मिळाल्याची पोच किंवा पाकीट जोडावे. आदेशाचा जावक क्रमांक आणि दावा क्रमांक हेही दोन निराळे क्रमांक आहेत. एकाच्या जागी दुसरा लिहिला, तर कार्यालयात फाइल सापडणे कठीण.

या ताडणीने कमकुवत पुरावा भक्कम होत नाही. मूळ पावतीच चुकीची असेल तर ती जुळवून काय उपयोग? पण असलेला पुरावा आपल्याच पत्रामुळे बाद होऊ नये, एवढे त्यातून साधते.

शेवटी पत्राखाली ‘सोबत’ म्हणून यादी असते, तीही कागद हातात धरून एकदा मोजावी. प्रत्येक जोडपत्राला पान क्रमांक द्यावा आणि मजकुरात तोच लिहावा. अपील दिल्यावर आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घ्यावी आणि तिच्यावरचे नाव व दावा क्रमांक खिडकीपाशी उभे असतानाच वाचून पाहावेत.