राजारामपुरीच्या चौदा गल्ल्या आणि चार बिट

स्तंभनिहाय साठवणुकीत तक्त्यातली एकेक ओळ सलग लिहिली जात नाही. एका स्तंभातल्या सगळ्या किमती एकत्र लिहिल्या जातात, मग पुढच्या स्तंभातल्या. एका स्तंभात एकाच जातीची माहिती असते आणि ती वारंवार तीच ती येते, म्हणून तिचा संक्षेप ओळीनिहाय साठवलेल्या माहितीपेक्षा बराच चांगला होतो. पण या संक्षेपाचा खरा फायदा डिस्कवरची जागा वाचण्यात नाही, शोध वेगाने होण्यात आहे. मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सी-स्टोअर या डेटाबेसची मांडणी केली. २००६ मध्ये त्याच गटातल्या डॅनियल अबादी, सॅम्युएल मॅडन आणि मिगेल फेरेरा यांनी हा मुद्दा ठामपणे मांडला: माहिती उलगडून मग तपासण्यापेक्षा ती संक्षिप्त रूपातच तपासावी.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीचे पत्ते या विषयाला नेमके लागू पडतात, कारण तिथल्या गल्ल्यांना क्रमांक आहेत आणि पत्त्यात तोच क्रमांक लिहितात. समजा, तिथल्या दुकानांच्या एका वर्षाच्या विक्रीच्या एक कोटी नोंदी एका तक्त्यात आहेत. त्यातल्या एका स्तंभात ‘राजारामपुरी सातवी गल्ली’ अशा स्वरूपाचा मजकूर आहे आणि पहिलीपासून चौदावीपर्यंत मिळून चौदाच वेगळ्या किमती आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. स्वरचिन्हे आणि हलन्तही वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. त्यामुळे नुसत्या ‘राजारामपुरी’ला अकरा चिन्हांचे ३३ बाइट होतात आणि पूर्ण मजकूर ६५ बाइटांवर जातो. एक कोटी नोंदींचे सुमारे ६५ कोटी बाइट, म्हणजे साधारण ६५० एमबी.

डिक्शनरी एन्कोडिंगमध्ये हे चौदा मजकूर एका छोट्या कोशात एकदाच लिहितात आणि स्तंभात त्यांच्या जागी ० ते १३ हे अंक ठेवतात. कोश एक हजार बाइटांतही मावतो. ० ते १३ हे अंक लिहायला चार बिट पुरतात, पण संगणक सहसा एका पूर्णांकाला ३२ बिट देतो. तसे ठेवले तर स्तंभ ४० एमबी होतो. बिट पॅकिंगमध्ये उरलेले २८ बिट टाकून देतात आणि चार-चार बिटांचे संकेत एकमेकांना चिकटवून बसवतात. तेव्हा स्तंभ ५ एमबीवर येतो. दोन्ही युक्त्या मिळून आकार १३० पटींनी घटतो.

आता प्रश्न विचारला: सातव्या गल्लीत किती नोंदी झाल्या? मजकुराची तुलना कोशात एकदाच होते. सातव्या गल्लीचा संकेत ६, म्हणजे 0110, असा मिळाला की पुढचे सगळे काम अंकांवर चालते. चौसष्ट बिटांच्या एका शब्दात असे सोळा संकेत बसतात. 0110 सोळा वेळा लिहून एक साचा तयार करायचा आणि शब्दाची त्याच्याशी एक्सॉर क्रिया करायची. जिथे चारही बिट शून्य होतील तिथे सातवी गल्ली आहे. शून्य झालेले गट मोजायला आणखी दोन-चार क्रिया लागतात, तरी एका फेरीत सोळा नोंदी निकालात निघतात. २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये चौसष्ट निघतात. मेमरीतून सेकंदाला १० जीबी माहिती येते असे धरले, तर मूळ मजकूर नुसता प्रोसेसरपर्यंत आणायलाच ६५ मिलिसेकंद लागतात. चार बिटांच्या स्तंभाला अर्धा मिलिसेकंद पुरतो, आणि तो स्तंभ बहुधा प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावतो. जीझिपसारख्या सर्वसाधारण संक्षेपात हे शक्य नसते, कारण तिथे तुलना करण्याआधी सगळे उलगडावे लागते.

‘पाचवीपासून नववीपर्यंत’ असा पल्ला विचारला तर कोशाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. कोश गल्लीच्या क्रमाने लावलेला असेल तर संकेतांचीच तुलना करता येते. तो माहिती जशी आली तसा भरला असेल, तर अट आधी कोशातल्या चौदा किमतींवर तपासून चौदा होय-नाहींची यादी करतात आणि प्रत्येक संकेतासाठी ती यादी पाहतात.

रन-लेंग्थ एन्कोडिंगचे बळ मात्र सर्वस्वी क्रमवारीवर अवलंबून असते. तक्ता गल्लीनुसार लावला तर स्तंभात फक्त चौदा लांब पट्टे उरतात, आणि प्रत्येक पट्ट्यासाठी किंमत आणि तिची संख्या एवढेच लिहावे लागते. सातव्या गल्लीच्या नोंदींचे उत्तर मग एक आकडा वाचून मिळते, स्तंभभर फिरावे लागत नाही. त्याआत तारखेनुसार लावले तर तारखेच्या स्तंभात फार तर १४ × ३६५, म्हणजे ५,११० पट्टे होतात. एक कोटीच्या मानाने हेही नगण्य. तिसऱ्या-चौथ्या स्तंभापर्यंत मात्र पट्टे तुटत जातात. आणि तक्ता लावलाच नाही, गल्ल्या कशाही मिसळलेल्या राहिल्या, तर पट्ट्याची सरासरी लांबी १.०८ इतकीच भरते. मग प्रत्येक चार बिटांच्या संकेतासोबत संख्या लिहिण्याने स्तंभ उलट फुगतो.

म्हणून पार्के या फाइल-स्वरूपात रन-लेंग्थ आणि बिट पॅकिंग एकाच प्रवाहात मिसळतात. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक छोटा शीर्षांक असतो. त्याचा शेवटचा बिट ० असेल तर पुढे एक पट्टा आहे, १ असेल तर आठ-आठच्या गटांनी घट्ट बसवलेले संकेत आहेत. माहिती बदलेल तशी पद्धत बदलते, आणि हा निर्णय वापरणाऱ्याला घ्यावा लागत नाही.

बिट पॅकिंगला खरा त्रास होतो तो एखाद्या अपवादामुळे. बिलांच्या रकमा हजार रुपयांच्या आत असतील तर दहा बिट पुरतात. त्याच गटात पाच लाखांचे एक बिल आले की सगळ्या रकमांना एकोणीस बिट द्यावे लागतात. मार्चिन झुकोव्स्की आणि पीटर बोन्झ यांच्या गटाने २००६ मध्ये यावर उपाय दिला: बहुसंख्य किमती कमी बिटांत ठेवायच्या आणि अपवाद बाजूला वेगळे लिहून उलगडताना त्यांच्या जागी बसवायचे.

डिक्शनरीची अडचण वेगळी आहे. गल्लीऐवजी बिल क्रमांकाचा स्तंभ असेल तर प्रत्येक किंमत वेगळी, आणि कोशच स्तंभाएवढा मोठा होतो. पार्के लिहिणारी साधने कोशाला सहसा १ एमबीची मर्यादा घालतात. ती ओलांडली की पुढची माहिती गुपचूप साध्या स्वरूपात लिहिली जाते, कोणतीही सूचना मिळत नाही. हे ओळखायचे असेल तर फाइलची माहिती पाहावी:

```python
import pyarrow.parquet as pq
m = pq.ParquetFile("vikri.parquet").metadata
g = m.row_group(0)
c = g.column(0)
print(g.num_rows, c.encodings, c.total_uncompressed_size)
```

इथे `PLAIN` हा शब्द दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण कोश स्वतःच साध्या स्वरूपात लिहिलेला असतो आणि त्यामुळेही तो दिसतो. जास्त भरवशाची खूण म्हणजे आकार. नोंदींची संख्या गुणिले बिट भागिले आठ, अधिक कोश, एवढ्याच्या आसपास किंवा त्याहून कमी तो असायला हवा. दहा लाख नोंदींच्या गटात गल्लीचा स्तंभ पाच लाख बाइटांच्या जवळपास भरला तर डिक्शनरी शाबूत आहे. तो कोटींत गेला असेल तर ती वाटेत सुटली आहे.

फाइल लहान असूनही शोध मंद असेल, तर दोष वाचणाऱ्या इंजिनात असू शकतो. पुष्कळ इंजिने संकेत आधी ३२ बिटांत उलगडतात, आणि काही तर प्रत्येक ओळीसाठी पूर्ण मजकूरच पुन्हा तयार करतात. अशा वेळी डिस्कवरून ५ एमबी वाचून मेमरीत पुन्हा ६५० एमबी उभे राहतात आणि तुलना त्या ६५ बाइटांच्या मजकुरांवरच होते. संकेत शेवटपर्यंत संकेतच ठेवून मजकूर फक्त उत्तरात उरलेल्या ओळींसाठी शोधणारे इंजिनच चार बिटांचा पूर्ण लाभ घेते.