पाणी गोठतं तेव्हा एन्ट्रॉपी कुठे वाढते?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात एक वाक्य सगळ्यांचं पाठ असतं: उत्स्फूर्त प्रक्रियेत एन्ट्रॉपी वाढते. मग उणे १० अंश सेल्सिअसला पाणी गोठतं, त्याचं काय? द्रवात मोकळे फिरणारे रेणू बर्फात जागच्या जागी बसतात, म्हणजे एन्ट्रॉपी उघडच घटते. तरी फ्रीझरमधलं पाणी आपलं आपण गोठतं.

गोम अशी, की पाठ केलेलं वाक्य अर्धवट आहे. वाढते ती पाणी आणि त्याचा परिसर यांची मिळून एन्ट्रॉपी.

हिशेब १८ ग्रॅम, म्हणजे एक मोल पाण्याचा मांडू. उणे १० अंशांच्या थंड परिसरात ते गोठलं, तर पाण्याची एन्ट्रॉपी केल्विनमागे सुमारे २०.६ ज्यूलने घटते. पण गोठताना सुमारे ५६३० ज्यूल उष्णता बाहेर पडते. परिसराचं तापमान २६३ केल्विन आहे; भागाकार केला की त्याच्या एन्ट्रॉपीतली वाढ येते २१.४. बेरीज अधिक ०.८. म्हणून पाणी गोठतं. शून्य अंशाला दोन्ही आकडे सारखेच, सुमारे २२, येतात आणि पाणी व बर्फ सुखाने एकत्र नांदतात. अधिक १० अंशांना बेरीज उणे होते, आणि बर्फच वितळतो.

०.८ हा आकडा किरकोळ वाटतो, पण खरं ‘का’ त्यातच दडलं आहे. लुडविग बोल्ट्झमनच्या सूत्रानुसार, S = k ln W, एन्ट्रॉपी ही रेणूंमध्ये ऊर्जा किती प्रकारे वाटली जाऊ शकते याची मोजणी आहे. k इतका लहान आहे, की ०.८ ज्यूलच्या वाढीने हे प्रकार ज्या पटीत वाढतात, ती पट लिहायला १०²² हून अधिक अंक लागतील. उलटं घडायला मनाई नाही. फक्त तसं घडण्याचे प्रकार नगण्य आहेत. एन्ट्रॉपी म्हणजे खोलीतला पसारा, हे लाडकं उदाहरण इथे कामाला येत नाही, कारण डोळ्यांना दिसतो तो स्फटिक नीटनेटकाच असतो.

पेपरात गुण जातात ते एका जागी. पाण्याच्या एन्ट्रॉपीसाठीही विद्यार्थी ५६३० ला २६३ ने भागतात आणि बेरीज शून्य येते. अतिशीत पाण्याचं गोठणं परिवर्तनीय नसल्यामुळे तो भागाकार पाण्याला लागू पडत नाही. पाणी कागदावर आधी शून्य अंशापर्यंत तापवायचं, तिथे गोठवायचं आणि मग बर्फ उणे १० पर्यंत थंड करायचा. तिन्ही टप्प्यांची बेरीज उणे २०.६ येते.

आणखी एक. हा हिशेब दिशा सांगतो, वेळ नाही. स्वच्छ पाण्याचे बारीक थेंब स्फटिकाला सुरुवात करून देणारा कण न मिळाल्यास उणे ३० अंशांखालीही द्रवरूपच राहू शकतात.