डेल्टा हिपॅटायटिस: बी आधी, की दोन्ही एकदम?

तुरिन हे इटलीच्या उत्तरेतलं शहर. १९७०च्या दशकात तिथे मारिओ रिझेट्टो नावाचे एक तरुण डॉक्टर हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णांच्या यकृताचे बारीक तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहत होते. काही रुग्णांच्या पेशींच्या केंद्रकात त्यांना एक वेगळीच चमक दिसली. चकाकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं तिथे कशाला तरी चिकटत होती. हा बी विषाणूचाच आजवर न दिसलेला भाग असावा, असं आधी वाटलं. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या केंद्रकांत बीचे कण काही सापडेनात. १९७७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या अनोळखी पदार्थाला डेल्टा हे नाव मिळालं. तो एक स्वतंत्र विषाणू आहे, हे कळायला मात्र आणखी काही वर्षं जावी लागली. एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. डेल्टा कधीच एकटा सापडत नव्हता. जिथे बी, तिथेच तो.

या कोड्याचं उत्तर चिंपांझींवरच्या प्रयोगांतून मिळालं. रिझेट्टो अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले आणि तिथल्या रॉबर्ट पर्सेल यांच्यासारख्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी डेल्टाच्या रुग्णांचं रक्तद्रव चिंपांझींना टोचलं. ज्या प्राण्यांच्या अंगात बीविरुद्ध संरक्षण आधीच तयार होतं, त्यांना काहीच झालं नाही. ज्यांना बीची बाधा कधीच झाली नव्हती, त्यांना त्या रक्तद्रवातून बी झाला आणि त्याच्या जोडीने काही काळ डेल्टाही दिसला. जे आधीपासून बीचे वाहक होते, त्यांच्यात मात्र डेल्टा लवकर आला, जोरात आला आणि बराच काळ टिकला. माणसांत पुढे जे दिसणार होतं, त्याचा सगळा आराखडा या तीन गटांत आहे.

डेल्टाला बी नेमका कशासाठी लागतो? बीशिवाय डेल्टाची वाढ होत नाही असं सरसकट म्हटलं जातं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. डेल्टाचा जनुकीय मजकूर अगदी छोटा असतो, सुमारे १,७०० अक्षरांचा, आरएनएच्या एका गोल धाग्यावर लिहिलेला. माणसाला बाधणाऱ्या विषाणूंत इतका आटोपशीर मजकूर दुसऱ्या कुणाचा नाही. यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो. या कामात त्याला बीची काडीचीही मदत लागत नाही. गाडं अडतं ते बाहेर पडताना. पेशीतून निघून दुसऱ्या पेशीत शिरायचं तर विषाणूला बाहेरून एक वेष्टण लागतं आणि ते बनवण्याची कृती डेल्टाच्या मजकुरात लिहिलेलीच नाही. ते वेष्टण तो बीकडून घेतो. बीचं हे वेष्टण म्हणजेच आपल्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर दिसणारं एचबीएसएजी. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ आपली पानं आपणच हिरवी करतं, पण पाण्यासाठी झाडावर अवलंबून असतं, तसंच हे नातं आहे.

बी हे वेष्टण गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो. एक पूर्ण विषाणू तयार होतो तेवढ्यात वेष्टणाचे नुसते रिकामे कण हजारोंनी रक्तात सुटतात. म्हणजे डेल्टाला हवा तो माल आयता पडलेला असतो. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की हा पुरवठा किती दिवस चालणार. माझ्या मते डेल्टाच्या आजारात कळीचा मुद्दा हाच आहे. बाकीचं बहुतेक सगळं त्यातून उलगडत जातं.

आधी दोन्ही विषाणू एकदम शिरतात ती परिस्थिती पाहू. डॉक्टर तिला को-इन्फेक्शन म्हणतात. समजा, बीची लस न घेतलेल्या आणि बी कधीच न झालेल्या तिशीतल्या तरुणाला दूषित सुईतून बी आणि डेल्टा एकाच वेळी मिळाले. डेल्टाला लगेच पसरता येत नाही, कारण वेष्टणाचा पुरवठा सुरू व्हायला आधी बीने पाय रोवावे लागतात. त्यात दीड ते पाच महिने जातात. मग मळमळ, थकवा, पिवळे डोळे, गडद लघवी सुरू होते. कधी कधी एसजीपीटी एकदा चढतं, उतरतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा चढतं. पहिला चढ बहुधा बीचा आणि दुसरा डेल्टाचा असतो. हा काळ जोखमीचा असतो. नुसत्या बीपेक्षा या दुहेरी बाधेत यकृत अचानक निकामी होण्याची भीती जास्त असते. म्हणून रुग्ण पेंगुळला, असंबद्ध बोलू लागला, किंवा रक्त गोठण्याची आयएनआर ही तपासणी बिघडत चालली, तर घरी थांबायचं नाही, तडक मोठ्या रुग्णालयात जायचं.

एवढा काळ निभावला तर मात्र चित्र बरंच आशादायक आहे. धडधाकट प्रौढाचं शरीर बीला बहुतेक वेळा स्वतःच हुसकून लावतं. बी गेला की वेष्टण गेलं, आणि वेष्टण गेलं की डेल्टाही संपतो. अशा रुग्णांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन्ही विषाणूंपासून मोकळे होतात आणि सहा महिन्यांच्या आत एचबीएसएजी निगेटिव्ह होतं. आपल्याकडे काविळीवर गळ्यात माळ घालतात आणि डोळ्यांचा पिवळेपणा उतरला की श्रेय माळेला देतात. मला याची काळजी वाटते ती वेगळ्या कारणासाठी. पिवळेपणा उतरला म्हणजे विषाणू गेला असं होत नाही. तो गेला का, हे सहा महिन्यांनंतरची एचबीएसएजीची तपासणीच सांगते, आणि माळेवर विसंबलेला माणूस ती तपासणी करायला सहसा जात नाही.

आता दुसरा माणूस घेऊ. वय तेच, सुईही तशीच. फरक एवढाच की याला बी जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला आहे. तान्हेपणी झालेला बी दहातल्या नऊ बाळांत कायमचा मुक्काम ठोकतो. हा तरुण तीस वर्षं वाहक आहे, तब्येत उत्तम, एसजीपीटी नॉर्मल. त्याच्या यकृतात वेष्टणाचं कोठार भरलेलं आहे. डेल्टा आत आला की त्याला कशाचीच वाट पाहावी लागत नाही. दोन ते आठ आठवड्यांत कावीळ दिसते, तीही बऱ्याचदा जोरदार. याला सुपर-इन्फेक्शन म्हणतात. या तरुणाच्या शरीराने बीला तीस वर्षांत हुसकलेलं नाही आणि आताही ते हुसकणार नाही. म्हणजे वेष्टणाचा पुरवठा आटत नाही आणि डेल्टाही जात नाही. अशा दहा जणांपैकी आठ किंवा त्याहून अधिक जणांत डेल्टा कायमचा राहतो. नुसत्या बीमध्ये सिरॉसिसपर्यंत पोहोचायला अनेकदा दशकं लागतात. डेल्टाची जोड मिळाली की पुष्कळ रुग्ण पाच-दहा वर्षांतच तिथे पोहोचतात, आणि यकृताच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हे एखाद्या वस्तीवर कोसळलं तर काय होतं, ते व्हेनेझुएलातल्या युक्पा या आदिवासींनी सोसलं. कोलंबियाच्या सीमेलगत सिएरा दे पेरिहा ही डोंगररांग आहे. तिथल्या त्यांच्या गावांत बी आधीच रुजलेला होता. १९७९ ते १९८१ या काळात तिथे काविळीची साथ आली. १४९ जण आजारी पडले, ३४ दगावले आणि वाचलेल्यांपैकी २२ जणांत आजार जुनाट होऊन राहिला. तडाखा मुख्यतः मुलांना आणि तरुणांना बसला. नुसत्या बीच्या साथीत शंभरात वीसहून अधिक माणसं जात नाहीत. तपासात दिसलं की बरेचसे रुग्ण आधीपासून बीचे वाहक होते आणि त्यांच्यावर डेल्टा येऊन पडला होता.

दोन्ही तरुण पिवळ्या डोळ्यांनी एकाच दवाखान्यात आले, तर डॉक्टर त्यांना वेगळं कसं ओळखणार? दोघांचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह. दोघांचं एसजीपीटी हजाराच्या वर. डेल्टाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटी-एचडीव्ही, दोघांच्या रक्तात सापडू शकतात. फरक दाखवते ती आयजीएम अँटी-एचबीसी ही तपासणी. बीची बाधा ताजी असेल तर ती ठळक पॉझिटिव्ह येते. पहिल्या तरुणात ती तशी येईल. दुसऱ्याचा बी जुना असल्यामुळे त्याच्यात ती निगेटिव्ह येईल. कधी जुना बी स्वतःच उसळतो तेव्हाही ती थोडीफार पॉझिटिव्ह दिसते, म्हणून जुने रिपोर्ट सोबत असले तर निदानाला फार मदत होते. शिवाय आपल्या देशात बीच्या वाहकाला अचानक कावीळ झाली तर दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई आधी तपासावे लागतात, कारण ते डेल्टापेक्षा जास्त आढळतात.

दुसऱ्या तरुणाच्या रिपोर्टमध्ये एक फसवी ओळ असते. डेल्टा बऱ्याचदा बीच्या वाढीला दाबून ठेवतो, त्यामुळे बीचा व्हायरल लोड कमी आलेला असतो. रुग्णाला वाटतं, आपण सुधारतोय. प्रत्यक्षात व्हायरल लोड कमी आणि एसजीपीटी मात्र महिनोन्महिने चढलेलं, हीच जोडी डेल्टाचा संशय घ्यायला लावणारी आहे. मग अँटी-एचडीव्ही करायची, आणि ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू सध्या अंगात आहे का हे पाहायला एचडीव्ही आरएनएची पीसीआर.

उपचारातही अडचण वेष्टणापाशीच येते. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर या बीच्या गोळ्या विषाणूच्या प्रती काढण्याचं काम रोखतात. पण वेष्टण बनवण्याचा हुकूम देणारं बीचं जनुक यकृताच्या पेशींत तसंच राहतं, कधी तर थेट आपल्या डीएनएत जाऊन बसलेलं असतं. त्यामुळे व्हायरल लोड शून्यावर आला तरी एचबीएसएजी चालू राहतं आणि डेल्टाला फरक पडत नाही. इंटरफेरॉनची इंजेक्शनं साधारण वर्षभर दिली तर दर तीन-चार रुग्णांमागे एकाच्या रक्तातून डेल्टा दिसेनासा होतो, आणि त्यातल्याही काहींमध्ये तो पुढे परततो. बुलेव्हिर्टाइड या नव्या औषधाने दुसरी वाट धरली. बी आणि डेल्टा यांचं वेष्टण एकच, म्हणून दोघेही यकृताच्या पेशीत एकाच दारातून शिरतात. हे दार म्हणजे पित्तक्षार आत घेणारं एनटीसीपी नावाचं प्रथिन आहे, हे २०१२ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं. बुलेव्हिर्टाइड ते दार अडवतं. युरोपात २०२० मध्ये त्याला सशर्त मान्यता मिळाली. ते रोज टोचून घ्यावं लागतं, आणि त्याने डेल्टा आटोक्यात येत असला तरी बहुतेकांत मुळापासून जात नाही.

बीची लस घेतलेल्या माणसाला डेल्टा होऊ शकत नाही, पहिल्या गटातल्या त्या चिंपांझींसारखाच. पण जो आधीच वाहक आहे, त्याला ही लस उपयोगी पडत नाही, आणि डेल्टासाठी वेगळी लस अजून नाही. त्याला जपावं लागतं ते दुसऱ्याच्या रक्तापासून: एकदा वापरलेली सुई, दुसऱ्याचा वस्तरा, न उकळलेली टॅटूची सुई, असुरक्षित संबंध. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सुचवलं आहे की एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येकाची अँटी-एचडीव्ही तपासणी व्हावी. आपल्याकडे ती अजून क्वचितच लिहून दिली जाते. घरात कुणी बीचं वाहक असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःहून विचारा की डेल्टाची तपासणी झाली आहे का.